ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह की डब्यातली हार्डडिस्क?

गेल्या शिमग्याला डोंबिवलीचा आमचा चुलतभाऊ पालखी आमच्या अंगणातून हलायच्या आत मला म्हणाला, "दादा, ते सगळे जुने व्हिडिओ मला एका पेनड्राइव्हवर दे. कपाटात ठेवून देतो, मग काळजी नाही." मी तेव्हा नुसती मान हलवली. ढोल वाजत असताना हा विषय निघत नाही. पण "कपाटात ठेवून देतो" आणि "काळजी नाही" ही दोन वाक्यं पेनड्राइव्हच्या बाबतीत एकत्र नांदत नाहीत, हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. म्हणून त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असे गावचे, लग्नाचे, वडीलधाऱ्यांचे व्हिडिओ पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोष्ट आहे ठेवणीतल्या डेटाची. रोज वापरायच्या फाइलींची नाही, वर्षातून दोनदा आठवण होते त्या फाइलींची.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, २०१६ च्या शिमग्याचं सगळं चित्रण सोळा जीबीच्या एका पेनड्राइव्हवर भरून पडवीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. पडवीवर पत्रा. पेनड्राइव्ह नवा नव्हता. आधी दोन-तीन वर्षं तो टीव्हीच्या मागे लटकलेला, त्यावर गाणी आणि मालिका भरायच्या आणि पुसायच्या. नाना गेल्यावर २०२४ साली आम्ही तो उघडला.

उघडला म्हणजे छानच उघडला. फोल्डर दिसलं, सगळी नावं दिसली, तारखा दिसल्या. वहिनी म्हणाल्या, "बघ, आहे की सगळं." पण फाइलींच्या नावांची यादी हा पेनड्राइव्हवरचा एक चिमूटभर भाग असतो. तो शाबूत आहे याचा अर्थ मागचा माल शाबूत आहे असा होत नाही. कॉपी लावली तर पहिले दोन जीबी अठरा एमबीच्या वेगाने आले. मग एका व्हिडिओवर वेग दोनशे-तीनशे केबीवर आला, तिथेच घुटमळला, आणि विंडोजने सांगितलं की फाइल वाचता येत नाही.

आमच्याकडे अशा वेळी पहिला संशय कनेक्टरवर घ्यावा. खाऱ्या हवेने त्या चार पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या, दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं. यातून एक खूण हाताला लागली ती सांगून ठेवतो. अडकण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर दोष बहुधा जोडणीचा. दर वेळी त्याच फाइलच्या त्याच मिनिटाला अडकत असेल तर दोष आतल्या पेशींचा. आमचा त्याच मिनिटाला अडकत होता.

आत काय झालं असावं, ते थोडक्यात. फ्लॅश मेमरीची प्रत्येक पेशी म्हणजे एक बारीकसा रांजण धरा, पाण्याऐवजी त्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले. भोवती ऑक्साइडचा पातळ पडदा, तो त्यांना बाहेर जाऊ देत नाही. वीज नसतानाही डेटा राहतो तो एवढ्याच आधारावर. जुन्या, महागड्या चिपमध्ये रांजण भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं असे. हल्लीच्या स्वस्त पेनड्राइव्हमध्ये बहुतेकदा एका पेशीत तीन बिट बसवतात, म्हणजे त्याच रांजणात पाणी किती बोटं आहे यावरून आठ पातळ्या ओळखायच्या. थोडा जरी पाझर लागला तरी पाचवी पातळी चौथीसारखी दिसू लागते. प्रत्येक वेळी लिहिताना आणि पुसताना त्या पडद्याला ओरखडे पडतात. म्हणून खूप वापरलेला पेनड्राइव्ह नव्यापेक्षा लवकर पाझरतो. आणि उष्णतेने पाझर वाढतो. लॅपटॉपमधली एसएसडीही याच फ्लॅश मेमरीची; तिच्यासाठी सर्रास धरला जाणारा हिशोब असा, की तापमान पाच अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या ड्रॉवरला हात लावून बघा, मग नानांच्या पेनड्राइव्हवर काय गुदरलं असेल त्याचा अंदाज येईल.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो फार फिरतो. "एसएसडी वीज न देता ठेवली तर एका वर्षात डेटा जातो" असं लोक छातीठोकपणे सांगतात. जेडेक या संस्थेच्या मानकात एक वर्ष हा आकडा आहे खरा, पण तो घरगुती वापराच्या एसएसडीसाठी आणि तोही तिचं ठरलेलं लेखन-आयुष्य संपल्यावर, तीस अंश तापमानात. नवी कोरी चिप त्याहून पुष्कळ जास्त टिकते. पेनड्राइव्हला तर ते मानक लागूच नाही, आणि त्याच्या पाकिटावर डेटा किती वर्षं राहील हे बहुधा लिहिलेलंही नसतं. तेव्हा घाबरून जाऊ नये, पण भरवसाही ठेवू नये.

पाझर लागल्याची पहिली खूण म्हणजे मंद वाचन. पातळ्या सरकल्या की आतला कंट्रोलर मापं थोडी इकडेतिकडे करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि चूक-दुरुस्तीच्या गणितावर वेळ मारून नेतो. तोवर फाइल मिळते, फक्त रखडत मिळते. २०१४ साली सॅमसंगच्या ८४० इव्हो या एसएसडीवर हेच उघड झालं होतं. काही महिने न हललेल्या फाइली वाचताना वेग पार खाली यायचा. कंपनीने शेवटी जो उपाय दिला त्यात फर्मवेअर जुना डेटा अधूनमधून स्वतःच पुन्हा लिहितं. एसएसडी वीज मिळाल्यावर हे करू शकते. साध्या पेनड्राइव्हकडून तेवढी अपेक्षा धरू नये. "वर्षातून एकदा लावून ठेवला की चार्ज होतो" हे आमच्याकडे मोबाइलच्या दुकानातही सांगतात, पण पेनड्राइव्ह बॅटरी नाही. लावल्याने रांजण भरत नाही, पुन्हा लिहिल्याने भरतो.

नानांच्या पेनड्राइव्हचं पुढे काय झालं ते सांगतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. साधी कॉपी थांबवली आणि आधी पेनड्राइव्हची अखंड प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढायला घेतली:

```
ddrescue -d -r3 /dev/sdb shimga.img shimga.map
```

हा प्रोग्राम आधी सहज येईल तेवढं उचलतो, अडेल तिथे पुढे उडी मारतो, आणि हट्टी जागांकडे शेवटी वळतो. कुठे काय राहिलं ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा देऊन पुढे चालू करता येतं. `/dev/sdb` च्या जागी तुमच्या यंत्रावर दिसेल तेच नाव घाला, नाहीतर भलत्याच डिस्कची प्रतिमा काढत बसाल. पहिला मोठा भाग वीस मिनिटांत आला, पण नव्वदेक एमबी मागे राहिले. रात्रभर चालू ठेवल्यावर सकाळी अकरा एमबी उरले, आणि ते नाहीच आले.

सोळा हजारांत अकरा एमबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते कुठले यावर सगळं असतं. हॅन्डीकॅमच्या `.MTS` फाइली तुकड्यातुकड्याने लिहिलेल्या असतात, प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा. तिथे नुकसान म्हणजे संकासूर नाचता नाचता अर्धा सेकंद चौकटी-चौकटीचा होतो आणि पुन्हा ठीक. मोबाइलवर काढलेली एक `.mp4` मात्र अख्खी बंद पडली. त्या फाइलची अनुक्रमणिका, `moov` नावाचा भाग, मोबाइल बहुधा शेवटी लिहितो, आणि नेमका तोच गेलेला. चित्रण पूर्ण आहे, पण प्लेअरला कुठून वाचायचं कळत नाही. त्याच मोबाइलची दुसरी धड फाइल नमुना म्हणून देऊन `untrunc` या प्रोग्रामने ती बरीचशी परत मिळाली, आवाज थोडा मागेपुढे. तीत नाना स्वतः पालखी नाचवताना आहेत. ती नसती आली तर मी हा लेख लिहिला नसता, कारण मला पेनड्राइव्ह या विषयावर शांतपणे बोलताच आलं नसतं.

आता निवड. सगळं मिळून आमचा साठा बावन्न जीबीचा झाला. समोर पर्याय दोन: चौसष्ट जीबीचा नवा पेनड्राइव्ह, किंवा खिशात मावणारी एक टीबीची हार्डडिस्क. डीव्हीडीचा विचार फार केला नाही. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर तबकडीवर बुरशीची नक्षी उमटलेली मी पाहिली आहे, आणि आता ड्राइव्ह कुठे असतो लॅपटॉपला? ढगात ठेवायचं म्हटलं तर आमच्या वाडीतून बावन्न जीबी वर चढवायला अंगणातल्या एका ठराविक कोपऱ्यात किती दिवस उभं राहावं लागेल, ते इथले लोक जाणतात.

मी दोन्ही घेतले. पेनड्राइव्ह पडला तर फुटत नाही, डब्यात चिमूटभर जागा, मुंबईला जाणाऱ्या कोणाच्याही हाती देता येतो. हार्डडिस्क चालू असताना धक्का लागला की संपलीच समजा. बंद असताना ती पुष्कळ सोसते, पण तरी काढून टाकल्यावर आतली तबकडी थांबेपर्यंत उचलू नये. नुसतं पाकीट बघून ठरवायचं तर पेनड्राइव्हच जिंकेल.

मला जे नडलं ते वेगळंच. ताजं करणं.

हार्डडिस्कवर बिट चुंबकीय असतो, तो असा पाझरत नाही. हार्डडिस्क मरते ती बहुतेकदा यंत्र म्हणून: मोटर, डोकं, सर्किट. म्हणून तिला वर्षाकाठी करायचं काम म्हणजे फिरवून, सगळं एकदा वाचून बघणं. पेनड्राइव्हला वाचून भागत नाही. तिथे डेटा काढायचा, पडताळायचा, पेनड्राइव्ह पुसायचा, आणि सगळं परत लिहायचं. माझ्याकडचा पेनड्राइव्ह वाचताना चांगला पळतो, पण लिहिताना पहिले दोन-तीन जीबी झाले की सहा एमबीवर येतो. बावन्न जीबीला जवळजवळ अडीच तास.

२०२४ च्या गणपतीत दुसऱ्या दिवशी दुपारी मी हा उद्योग काढला, कारण सगळे जेवून आडवे झालेले. दीड तास झाला आणि लाईट गेली. कॉम्प्युटरला इन्व्हर्टर नाही. लाईट आल्यावर पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर: "You need to format the disk in drive E: before you can use it." अर्धवट लिहिताना वीज तुटली की एक्सफॅटसारख्या फाइल-रचनेचा हिशोब असा विस्कटू शकतो. मूळ प्रत कॉम्प्युटरवर होती म्हणून काही गेलं नाही. पण पुन्हा पहिल्यापासून अडीच तास, आणि आरतीला बोलावणं आलेलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. म्हटलं, दर वेळी पुसायचं कशाला, सिंक करणारा प्रोग्राम लावू. दोन मिनिटांत "पूर्ण" असं आलं. मी खूश. रात्री झोपताना डोक्यात प्रकाश पडला की त्याने काहीच लिहिलं नाही. `rsync` काय, `robocopy` काय, फाइलचं माप आणि तारीख जुळली की ती फाइल सोडून पुढे जातात. त्यांचं कामच ते आहे. आणि मला हवं होतं नेमकं उलट: तीच फाइल, त्याच मापाची, पण नव्याने लिहिलेली. असं "ताजं" करून पाच वर्षं बिनघोर राहिलेले लोक असणारच.

त्यातून पेनड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीबद्दल काही बोलत नाही. हार्डडिस्क निदान कुरकुरते. विंडोजवर CrystalDiskInfo उघडा आणि "Reallocated Sectors Count" व "Current Pending Sector Count" या दोन ओळी बघा. शून्याच्या वर जाऊ लागल्या की प्रत काढून नवी डिस्क आणायची वेळ झाली. ही खूण दर वेळी मिळतेच असं नाही, काही डिस्का काही न सांगता जातात. पण साध्या पेनड्राइव्हवर हा तक्ता मिळतच नाही. तिथे मंद वाचन हीच एक खूण, आणि तीसुद्धा तुम्ही सगळं वाचलंत तरच दिसणार.

दोन्हींवर मी पडताळणी एकाच पद्धतीने करतो. पहिल्यांदा भरताना प्रत्येक फाइलचा ठसा काढून ठेवायचा:

```
find . -type f -exec sha256sum {} + > ~/shimga.sha256
```

आणि नंतर दर खेपेला त्याच फोल्डरमध्ये उभं राहून:

```
sha256sum -c --quiet ~/shimga.sha256
```

काहीच छापून आलं नाही तर सगळं जुळलं. फक्त एक पथ्य: आत्ताच कॉपी केलेलं लगेच पडताळू नका. ते कॉम्प्युटर स्वतःच्या मेमरीतूनच वाचून "छान आहे" म्हणेल. आधी रीतसर काढा, पुन्हा लावा, मग आज्ञा द्या. हार्डडिस्कवर हे बावन्न जीबी माझ्याकडे नऊ-दहा मिनिटांत होतात. चहा होईस्तोवर. लाईट मध्ये गेली तरी बिघडत नाही, कारण आपण फक्त वाचत असतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

हार्डडिस्कची आमच्याकडची खरी शत्रू हवा. हिच्या अंगावर श्वासासाठी एक बारीक भोक असतं, आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिला उघड्या कपाटात ठेवणं बरं नाही. मी ती फराळाच्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलची मोठी पुडी, रंग बदलणारी. रंग बदलला की पुडी कापडाची असेल तर मंद ओव्हनमध्ये वाळवायची, नाहीतर सरळ बदलायची. तांदळात ठेवू नये. कनेक्टरमध्ये पीठ जातं. गार एसी गाडीतून आणलेली डिस्क लगेच लावू नये, तासभर तशीच राहू द्यावी, नाहीतर दव धरतं. आणि विकत घेताना एक चिडचिड सांगतो: खिशातल्या पुष्कळशा हार्डडिस्कांमध्ये यूएसबीचं पोर्ट आतल्या सर्किटवरच जोडलेलं असतं. ते ढिलं झालं की डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालता येत नाही. शक्य असेल तर डिस्क आणि डबी वेगळी घ्या, थोडं जाड दिसलं तरी चालेल.

पेनड्राइव्हला माझा सरसकट नकार आहे असं मात्र नाही. सातबारा, करारपत्रं, आजी-आजोबांचे निवडक फोटो, असं चार-पाच जीबीच सांभाळायचं असेल तर पुन्हा लिहायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मग अडीच तासांचं माझं रडगाणं तुम्हाला लागू होत नाही. तेव्हा नवा घ्या, रोजच्या वापरातला नको. घेतल्याबरोबर H2testw या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, कारण जत्रेत आणि ऑनलाइनही खोट्या क्षमतेचे मिळतात. पडवीऐवजी माजघरात ठेवा, तिथे दुपारीही गारवा असतो. आणि दर गणपतीला पुसून पुन्हा लिहा, सिंक नाही.

एकच हार्डडिस्क ठेवून निवांत बसायचं, असं मी म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या तिन्ही हार्डडिस्का एकाच कपाटात होत्या. तिन्ही चिखलात. त्यामुळे आमच्या दोन आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक इथे डब्यात, दुसरी चुलतभावाकडे डोंबिवलीला जाते आहे. त्याने पेनड्राइव्ह मागितला होता, त्याला हार्डडिस्क मिळेल. थोडी कुरकुर केली त्याने, "ही पडली तर?" म्हणून. तो दर शिमग्याला आणि गणपतीला येतोच, येताना ती घेऊन यायची, दोन्ही इथेच वाचून तपासायच्या, असं ठरलंय. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि CrystalDiskInfo मधल्या त्या दोन ओळींचे आकडे लिहितो. आतापर्यंत तीन तारखा आहेत, पुढे सगळीकडे शून्य.

नानांचा तो सोळा जीबीचा पेनड्राइव्ह अजून ड्रॉवरमध्येच आहे. टाकवत नाही.